वाजला, पाहिला, बंद केला

घरातलं कुणी हिंजवडीत, खराडीत किंवा ऐरोलीला आयटी कंपनीत कामाला असेल, तर ‘या आठवड्यात मी ऑन-कॉल आहे’ हे वाक्य तुमच्या कानावरून नक्की गेलं असेल. त्या आठवड्यात फोन उशाशी असतो, लग्नाला गेलं तरी लॅपटॉप गाडीत असतो आणि रात्री पावणेतीनला फोन वाजला की उठून बसावं लागतं. हा फोन कुणी माणूस करत नाही. कंपनीच्या सर्व्हरवर नजर ठेवणारा एक प्रोग्राम दर थोड्या सेकंदांनी आकडे गोळा करतो आणि आधी लिहून ठेवलेल्या नियमांशी ताडून पाहतो. डिस्क ८० टक्क्यांवर भरली का, ग्राहकाला उत्तर द्यायला दोन सेकंदांहून जास्त वेळ लागतोय का, अशा स्वरूपाचे हे नियम असतात. एखादा नियम लागू झाला की ऑन-कॉल माणसाला अलर्ट जातो.

सकाळी त्याला विचारा, रात्री काय झालं होतं? फार वेळा उत्तर येतं, ‘काही नाही. वाजला, पाहिला, बंद केला.’

या उत्तराची दखल सहसा कुणी घेत नाही. पण ज्या टीम घेतात, त्या दर तिमाहीला बसून एकच प्रश्न विचारतात: गेल्या तीन महिन्यांत जेवढे अलर्ट वाजले, त्यांतल्या कोणत्या अलर्टवर कुणीही, एकदाही, काहीही केलं नाही? असे अलर्ट शोधून ते निवृत्त करायचे किंवा सुधारायचे. ऐकायला हे सोपं वाटतं. प्रत्यक्षात त्यात दोन-तीन ठिकाणी चांगलाच घात होऊ शकतो, आणि हा लेख मुख्यतः त्या जागांबद्दल आहे.

ही शिस्त सॉफ्टवेअरवाल्यांनी शोधलेली नाही. ती आली रासायनिक कारखान्यांतून. २४ जुलै १९९४ रोजी वेल्समधल्या मिलफर्ड हेवन इथल्या टेक्सकोच्या रिफायनरीत मोठा स्फोट झाला आणि २६ जण जखमी झाले. ब्रिटिश सरकारच्या सुरक्षा खात्याने चौकशी केली, तेव्हा एक आकडा पुढे आला. स्फोटाआधीच्या शेवटच्या ११ मिनिटांत नियंत्रण कक्षातल्या दोन ऑपरेटरांपुढे २७५ अलार्म येऊन पडले होते. दर अडीच सेकंदांना जवळपास एक. यातला महत्त्वाचा कोणता आणि बिनमहत्त्वाचा कोणता, हे कुणालाही ओळखता आलं नसतं. पुढे १९९९ मध्ये ब्रिटनमध्ये अलार्म व्यवस्थापनाची मार्गदर्शिका निघाली, २००९ मध्ये अमेरिकेत आयएसए १८.२ हे मानक आलं. त्या मानकात अलार्मच्या व्याख्येतच एक अट घातलेली आहे: ज्याला माणसाकडून वेळेत प्रतिसाद लागतो, तोच अलार्म. प्रतिसाद लागत नसेल तर ती माहिती असेल, नोंद असेल, पण तो अलार्म नव्हे.

सॉफ्टवेअरच्या जगात हाच विचार गूगलच्या अभियंत्यांनी २०१६ साली आपल्या पुस्तकात मांडला. बारा तासांच्या एका पाळीत दोनच्या वर घटना येऊ नयेत, असं त्यांनी लिहिलं. त्यामागे साधा हिशेब होता. एखादी घटना नीट निस्तरायची, तिचं मूळ शोधायचं, अहवाल लिहायचा आणि दुरुस्ती करायची, तर सरासरी सहा तास जातात. पाळीत दोन घटना आल्या की वेळ संपला. तिसरीकडे कुणी मनापासून बघणार नाही.

आता एक उदाहरण घेऊन शेवटपर्यंत जाऊ. टीम काल्पनिक आहे आणि आकडे हिशेब कळावा म्हणून मी बसवलेले आहेत. पण अशा टीम या धंद्यात जागोजागी आहेत. समजा, पुण्यात सहा जणांची टीम ऑनलाइन बुकिंगची एक सेवा सांभाळते. नजर ठेवायला त्यांनी ‘प्रोमिथियस’ हा मुक्त प्रोग्राम बसवला आहे. त्यात एकूण १२० नियम आहेत. एप्रिल ते जून या ९१ दिवसांत १,४८० अलर्ट फोनवर गेले. म्हणजे रोज सोळा, बारा तासांना आठ. गूगलने सांगितलेल्या मर्यादेच्या चौपट.

इतके नियम आले कुठून? प्रत्येक बिघाडानंतर बैठक होते आणि ‘पुन्हा असं होऊ नये म्हणून काय करणार?’ या प्रश्नावर सगळ्यात सोपं उत्तर असतं, ‘एक अलर्ट लावतो.’ नियम लावायला दहा मिनिटं लागतात. काढायला मात्र कुणीच धजावत नाही. ‘अरे, राहू दे ना, कधी तरी लागेल,’ असं टीममधलं जुनं माणूस म्हणतं आणि विषय तिथेच संपतो. काढल्यावर नेमका तोच बिघाड आला, तर बोट आपल्याकडे दाखवलं जाईल, ही भीती खरी असते. म्हणून तर तपासणी लागते: काढण्याचा निर्णय एका माणसाच्या धाडसावर न सोडता पुराव्यावर ठेवता यावा.

पहिली अडचण पुराव्याचीच येते. प्रोमिथियसमध्ये वाजणाऱ्या अलर्टची नोंद `ALERTS` या नावाने होते खरी, पण तो प्रोग्राम मुळात जुने आकडे फक्त १५ दिवस ठेवतो. ही मुदत आधीच वाढवून ठेवली नसेल, तर जूनच्या अखेरीस एप्रिलचं काहीच हाती लागत नाही. त्यामुळे तिमाहीचा हिशेब करायचा असेल, तर फोनवर पाठवलेल्या प्रत्येक अलर्टची नोंद दुसरीकडे साठवायची सोय तिमाही सुरू होण्याआधीच करावी लागते. अलर्टचं नाव, कधी वाजला, कुणी कधी पाहिल्याची खूण केली, कधी शमला, आणि बंद करताना काय शेरा लिहिला, एवढं पुरतं.

दुसरी अडचण जास्त अवघड आहे. कृती झाली म्हणजे काय झालं? फोनवरचं बटण दाबणं ही कृती नव्हे. लॅपटॉप उघडून आलेख पाहणं हीसुद्धा कृती नव्हे. सर्व्हर पुन्हा सुरू केला, नवीन आवृत्ती मागे घेतली, जागा वाढवली, दुसऱ्या टीमला उठवलं, निदान दुसऱ्या दिवशी करायचं काम म्हणून तिकीट काढलं, यांपैकी काही झालं असेल तरच कृती. हे शेऱ्यावरून ठरवता येत नाही, कारण रात्री तीनला माणूस ‘ओके’ नाहीतर ‘नोन इश्यू’ एवढंच लिहितो. मग पडताळा दुसरीकडे घ्यायचा. अलर्ट २:४७ ला वाजला, २:५१ ला पाहिल्याची खूण झाली, ३:०५ ला तो शमला. या वेळात आणि पुढच्या तासाभरात कुणी सर्व्हरवर लॉगिन केलं होतं का? काही बदल सोडला गेला का? टीमच्या चॅटमध्ये कुणी काही लिहिलं का? तिन्हीकडे शुकशुकाट असेल, तर तो अलर्ट कृतीविना गेला.

एक गोष्ट इथे आवर्जून सांगायला हवी. ही झडती नियमांची असते, माणसांची नसते. तक्ता काढताना त्यातून नावांचा रकाना आधी काढून टाकावा. नाहीतर पुढच्या तिमाहीत प्रत्येक जण रात्री उगाच लॉगिन करून ‘कृती’ दाखवील आणि तक्त्याला काही अर्थ उरणार नाही.

आपल्या टीमने हा तक्ता केला. १,४८० पैकी ९६ अलर्टवर काही तरी केलं गेलं होतं. नियमांप्रमाणे पाहिलं तर १२० पैकी २१ नियमांवर निदान एकदा कृती झाली होती, ४१ नियम वाजले पण त्यांवर एकदाही काही झालं नव्हतं, आणि ५८ नियम तिमाहीभर वाजलेच नव्हते. शिवाय ४१ नियमांतले फक्त नऊच जवळजवळ अकराशे अलर्टना जबाबदार होते. सुरुवात या नऊपासून करायची, कारण मेहनत कमी आणि सुटका मोठी.

इथेच घाई नडते. ‘कृती झाली नाही’ याचा अर्थ ‘कृतीची गरज नव्हती’ असा होत नाही. त्या नऊमधला एकच नियम जवळून पाहू.

नियम असा होता: डिस्क ८० टक्क्यांच्या वर भरली की फोन करा. तिमाहीत तो १८२ वेळा वाजला, दोन सर्व्हरवर, रोज एकेकदा, संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास. कारण सगळ्यांना माहीत होतं. ५०० जीबीच्या त्या डिस्कवर दिवसभराच्या नोंदींच्या फाइली साठत जातात, मध्यरात्रीपर्यंत ८४ टक्क्यांवर पोचतात आणि मग रोजची सफाई होऊन डिस्क ६१ टक्क्यांवर येते. १८२ वेळा वाजून शून्य कृती. काढून टाकायला याहून चांगला उमेदवार कोणता?

पण तपासणीचा दुसरा अर्धा भाग उलट बाजूने करायचा असतो. तिमाहीत जे खरे बिघाड झाले त्यांची यादी घ्यायची आणि प्रत्येकाबद्दल विचारायचं, याची पहिली खबर कुणी दिली? मे महिन्यातल्या एका बिघाडाची खबर ग्राहकांनी दिली होती. दुपारी चारला कुणी तरी बारीकसारीक नोंदी लिहिण्याची सोय चालू करून ती बंद करायला विसरलं. डिस्क तेव्हा ७८ टक्क्यांवर होती, ११० जीबी मोकळी. मिनिटाला दोन जीबी या वेगाने ती भरत गेली, ४:५५ ला पूर्ण भरली आणि बुकिंग थांबलं. ८० टक्क्यांचा अलर्ट त्या दिवशी ४:०५ ला वाजला होता. हातात पन्नास मिनिटं होती. पण तो रोजच वाजतो, म्हणून ऑन-कॉल माणसाने नेहमीप्रमाणे बंद केला.

तक्त्यात ही नोंदही ‘कृती नाही’ याच रकान्यात बसली होती. १८२ पैकी एक अलर्ट खरा होता आणि उरलेल्या १८१ अलर्टनी त्याला झाकून टाकलं होतं. माझ्या मते संपूर्ण तपासणीत यापेक्षा मोलाची ओळ दुसरी नसते. अशा नियमाला निवृत्त करून चालत नाही. तो सुधारावा लागतो.

सुधारायचा कसा? डिस्क किती भरली यापेक्षा ती केव्हा भरणार, हा प्रश्न जास्त कामाचा आहे. प्रोमिथियसमध्ये त्यासाठी `predict_linear` नावाची सोय आहे. मागच्या काही वेळाच्या आकड्यांतून ती सरळ रेषा काढते आणि पुढे अमुक सेकंदांनी आकडा कुठे असेल ते सांगते. टीमने पहिला मसुदा केला तो असा: मागच्या सहा तासांचा कल पाहून चार तासांत डिस्क भरणार असेल, आणि ही स्थिती अर्धा तास टिकली, तर फोन करा. सहा तासांची खिडकी पुष्कळ ठिकाणी वापरली जाते, त्यामुळे सगळ्यांना ती ठीक वाटली.

मग त्यांनी हा नवा नियम मे महिन्यातल्या त्या दिवसाच्या जुन्या आकड्यांवर चालवून पाहिला. तो वाजलाच नाही. सहा तासांपैकी पाच तास डिस्क संथपणे भरत होती. शेवटच्या पंचावन्न मिनिटांतली घसरण त्या मोठ्या सरासरीत बुडून गेली आणि रेषा सांगत राहिली, अजून पुष्कळ वेळ आहे. डिस्क भरली तेव्हाही ती हेच सांगत होती. जुना नियम काढून हा लावला असता, तर टीमला शांत झोप मिळाली असती आणि पुढचा बिघाड पुन्हा ग्राहकांनीच सांगितला असता.

खिडकी एका तासावर आणल्यावर चित्र बदललं. शेवटी ठरलेला नियम हा:

```yaml
- alert: DiskWillFill
  expr: |
    node_filesystem_avail_bytes / node_filesystem_size_bytes < 0.15
    and
    predict_linear(node_filesystem_avail_bytes[1h], 4 * 3600) < 0
  for: 10m
  labels:
    severity: page
```

कोडची सवय नसलेल्यांनी फक्त तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली अट, मोकळी जागा १५ टक्क्यांच्या खाली गेलेली असली पाहिजे. रोजच्या चढउतारात ती कमीत कमी १६ टक्के असते, म्हणून रोजचा अलर्ट बंद झाला. दुसरी अट, मागच्या एका तासाच्या वेगाने चार तासांत जागा संपत असली पाहिजे. तिसरी अट `for: 10m` म्हणजे ही स्थिती सलग दहा मिनिटं टिकली पाहिजे. कुकरची पहिली शिट्टी झाली म्हणून कुणी गॅस बंद करत नाही, तसंच हे. मे महिन्यातल्या दिवशी हा नियम चारनंतर २८व्या मिनिटाच्या आसपास वाजला असता आणि हाताशी २७ मिनिटं उरली असती. जुन्या नियमाने पन्नास मिनिटं दिली होती हे खरं. पण ती पन्नास मिनिटं कुणी वापरली नव्हती.

या नियमालाही मर्यादा आहे, ती लिहून ठेवायला हवी. एखादी प्रचंड फाइल पाच मिनिटांत उरलेली सगळी जागा खाऊन गेली, तर दहा मिनिटं थांबणारा नियम उशिरा पोचेल. त्यासाठी ‘मोकळी जागा पाच टक्क्यांच्या खाली, एक मिनिट’ असा दुसरा साधा नियम जोडीला ठेवतात. एक नियम गेला आणि दोन आले, तरी वर्षाकाठी फोन शेकड्यांनी कमी झाले. नियमांची संख्या कमी करणं हे या तपासणीचं उद्दिष्ट नसतंच.

उरलेल्या चाळीस नियमांची एवढी लांबण लावायची गरज पडत नाही, पण त्यांचे काही ठरलेले प्रकार असतात आणि प्रत्येकाला वेगळा उपाय लागतो. ‘प्रोसेसर ८० टक्क्यांवर’ हा नियम जवळजवळ प्रत्येक कंपनीत सापडतो. रात्रीची हिशेबाची कामं चालू झाली की तो वाजतो, ती संपली की शमतो. यंत्र भरपूर काम करतंय हा काही बिघाड नव्हे. ग्राहकाला उशीर होतोय का, त्याची विनंती फसतेय का, हे पाहणारे नियम जागेवर असतील तर प्रोसेसरचा नियम सरळ निवृत्त करावा. आकडा आलेखावर राहतोच, शोधायची वेळ आली की तिथे दिसतो.

दुसरा प्रकार फसवा आहे. डेटाबेस बंद पडला की त्यावर अवलंबून असलेल्या चौदा सेवा एकदम ओरडतात. माणूस डेटाबेस चालू करतो, चौदाही अलर्ट आपोआप शमतात, आणि तक्त्यात त्या चौदांपुढे ‘कृती नाही’ अशी नोंद होते. ते काढले तर उद्या त्यांतली एखादी सेवा एकटीच बंद पडेल आणि कुणाला कळणार नाही. इथे उपाय म्हणजे दाबून ठेवणं: डेटाबेसचा अलर्ट चालू असताना बाकीच्यांनी गप्प राहायचं, असा नियम अलर्ट पाठवणाऱ्या प्रोग्राममध्ये लिहिता येतो.

तिसरा प्रकार सर्टिफिकेटचा. वेबसाइटच्या पत्त्यापुढे जे सुरक्षिततेचं चिन्ह दिसतं, त्यामागच्या सर्टिफिकेटची मुदत असते. फुकट मिळणारी लेट्स एन्क्रिप्टची सर्टिफिकेटं ९० दिवसांची असत आली आहेत आणि ती नवी करणारा प्रोग्राम मुदतीला ३० दिवस उरले की कामाला लागतो. टीमने अलर्टही बरोबर ३० दिवसांवरच लावला होता. त्यामुळे सगळं सुरळीत चालू असतानाच तो दर खेपेला वाजायचा आणि काही तासांत सर्टिफिकेट नवं झालं की शमायचा. मर्यादा २० दिवसांवर नेली की अर्थ पालटतो. आता तो वाजला म्हणजे दहा दिवस प्रयत्न करूनही नवं सर्टिफिकेट मिळालेलं नाही. आणि वीस दिवस हातात असताना रात्री कुणाला उठवायचं कारण नाही, म्हणून तो फोनवरून काढून दिवसाच्या तिकिटांत टाकला. या सर्टिफिकेटांच्या मुदती आता टप्प्याटप्प्याने कमी होत चालल्या आहेत, तेव्हा हा वीसचा आकडाही कायमचा नाही.

राहिले ते ५८ नियम, जे तिमाहीत वाजलेच नाहीत. यांच्याकडे बघायचा कुणाला उत्साह नसतो, कारण ते त्रास देत नाहीत. पण न वाजण्याची दोन कारणं असू शकतात. एक, तो बिघाड झालाच नाही. बॅकअप बिघडला की वाजणारा नियम तीन महिने गप्प असेल, तर आनंद आहे. दुसरं, नियमच मेलेला आहे.

मेलेला कसा, तर त्याचं एक खरं उदाहरण आहे. लिनक्स सर्व्हरचे आकडे गोळा करून प्रोमिथियसला देणारा ‘नोड एक्सपोर्टर’ नावाचा प्रोग्राम आहे. २०१८ साली त्याची ०.१६ ही आवृत्ती आली आणि त्यात बऱ्याच आकड्यांची नावं बदलली. `node_filesystem_free` चं `node_filesystem_free_bytes` झालं, `node_cpu` चं `node_cpu_seconds_total` झालं. ज्यांनी प्रोग्राम नवा घेतला पण नियम जुन्याच नावाने ठेवले, त्यांचे नियम त्या दिवसापासून मुके झाले. प्रोमिथियसच्या लेखी ज्या नावाचा आकडाच नाही, त्यावरचा नियम चुकीचा ठरत नाही. त्याचं उत्तर रिकामं येतं, आणि रिकामं उत्तर म्हणजे सगळं ठीक. कुठेही लाल अक्षर दिसत नाही.

म्हणून न वाजलेल्या प्रत्येक नियमाची चाचणी घ्यायची. त्याच्यातली अट काढून नुसतं आकड्याचं नाव विचारायचं आणि काही उत्तर येतं का पाहायचं. उत्तर आलं तर नियम जिवंत आहे. पुढची पायरी म्हणजे `promtool test rules` ही आज्ञा. तिला खोटे आकडे पुरवता येतात आणि त्या आकड्यांवर नियम वाजतो की नाही हे खऱ्या सर्व्हरला हात न लावता कळतं. आपल्या टीमच्या ५८ मध्ये सहा नियम मेलेले निघाले असं धरू. त्यांतले जे अजून गरजेचे आहेत ते दुरुस्त करायचे, बाकीचे काढायचे. जिवंत असलेल्या ५२ नियमांना नुसतं वाजले नाहीत म्हणून हात लावायचा नाही.

एप्रिल ते जून या तिमाहीत ३१ मार्च येत नाही आणि दिवाळीही येत नाही. बुकिंगच्या सेवेवर सगळ्यात मोठा ताण दिवाळीच्या सुट्ट्यांत येत असेल, तर गर्दीवर नजर ठेवणाऱ्या नियमाचा निकाल जूनमध्ये लावणं अन्यायाचं आहे. अशा नियमांवर ‘वार्षिक’ अशी खूण करून त्यांचा विचार वर्षातून एकदा, हंगाम उलटल्यावर करावा.

आणि एक नियम असा असतो जो सतत वाजत असतो, त्यावर कधीच कृती होत नाही, आणि तरीही तो कधीच काढायचा नसतो. त्याला बहुतेक ठिकाणी `Watchdog` म्हणतात. अलर्ट पाठवण्याची यंत्रणा स्वतः जिवंत आहे हे सांगणं एवढंच त्याचं काम. त्याची खबर बाहेरच्या एखाद्या सेवेकडे जात राहते आणि ती यायची थांबली की ती सेवा टीमला उठवते. नवख्या माणसाने तक्ता काढला की हा नियम सगळ्यात वर येतो, कारण नव्वद टक्के गोंगाट त्याचाच दिसतो. तो पुसला, तर यंत्रणा बंद पडल्यावर उरते ती फक्त शांतता, आणि त्या शांततेत आणि सगळं ठीक असण्यात काही फरक करता येत नाही.

निर्णय झाल्यावर अंमलबजावणी सावकाश करायची. नियम त्याच दिवशी पुसायचा नाही. आधी तो फोनवरून काढून टीमच्या चॅटमधल्या एका वेगळ्या जागी पाठवायचा, दोन आठवडे. तिथे तो वाजत राहतो, कुणाची झोप मोडत नाही, आणि चुकून गरजेचा निघाला तर परत फिरता येतं. दोन आठवड्यांत कुणी त्याची आठवण काढली नाही, की मग पुसायचा. पुसताना त्या बदलासोबत दोन ओळी लिहायच्या: तिमाहीत किती वेळा वाजला, कृती किती, त्याच्या जागी आता काय बघतंय, आणि हे कुणी मिळून ठरवलं. सहा महिन्यांनी बिघाड झाला आणि ‘तो अलर्ट कुणी काढला?’ असा प्रश्न आला, तर उत्तर म्हणून एका माणसाचं नाव पुढे येत नाही, कारण पुढे येतं.

ज्या २१ नियमांवर कृती झाली, तेही एकदा डोळ्यांखालून घालावेत. त्यांतल्या एकावर प्रत्येक वेळी एकच कृती होत असेल, उदाहरणार्थ तीच सेवा बंद करून पुन्हा चालू करणं, तर ते काम माणसाचं नाही. मेमरी गळतेय ती दुरुस्त करायला हवी, आणि तोवर ती सेवा प्रोग्रामने स्वतःच पुन्हा चालू करावी. तो विषय मात्र स्वतंत्र आहे.

पुढच्या तिमाहीत यश कशावरून ओळखायचं? फोन किती कमी झाले एवढ्यावरून तर नाहीच. सगळे नियम पुसले तर फोन शून्यावर येतील. दोन आकडे शेजारी ठेवायला हवेत: फोनवर गेलेल्या अलर्टपैकी किती टक्क्यांवर कृती झाली, आणि किती बिघाडांची पहिली खबर ग्राहकांनी दिली. आपल्या टीमचा पहिला आकडा १,४८० मध्ये ९६, म्हणजे साडेसहा टक्के होता. तो वाढला आणि दुसरा आकडा वाढला नाही, तर तपासणी नीट झाली. पहिला वाढला आणि दुसराही वाढला, तर गरजेचं काही तरी पुसलं गेलं आहे. मग बदलांच्या त्या दोन-दोन ओळी पुन्हा वाचायला बसावं.

तुमच्या टीममध्ये हे अजून कुणी केलं नसेल, तर सगळे नियम एकदम घेऊन बसू नका. अलर्टच्या नोंदी तीन महिने टिकतील अशी सोय आज करा, आणि तिमाही संपली की सगळ्यात जास्त वाजलेले फक्त नऊ-दहा नियम टेबलावर घ्या. त्यांच्यासाठी एक दुपार पुरते.